फ्लॅशगनच्या पोटातला ताण

मंगलाष्टके संपतात, अंतरपाट बाजूला होतो, वधू-वर एकमेकांच्या गळ्यात हार घालतात आणि त्याच क्षणी फोटोग्राफरचा फ्लॅश लखकन उडतो. लगेच दुसरा फोटो घ्यावा म्हटले, तर फ्लॅश तयार नसतो. आतून बारीक शिटीसारखा आवाज येत राहतो आणि तो हळूहळू चढत जातो. सहा-सात सेकंदांनी मागचा छोटा दिवा लागतो आणि मगच पुढचा उजेड पडतो. ज्यांनी कधी फ्लॅशगन हाताळली आहे, त्यांना ही वाट पाहणे चांगलेच परिचयाचे असेल.

खरे तर यात एक कोडे आहे. फ्लॅशगनमध्ये चार पेन्सिल सेल असतात. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमधून साधारण १०,००० ज्यूल ऊर्जा मिळते, म्हणजे चौघांत मिळून ४०,००० ज्यूल. मध्यम आकाराच्या फ्लॅशगनला एकदा पूर्ण ताकदीने उडायला लागतात फक्त ५० ते ६० ज्यूल. भांडार शिगोशीग भरलेले आहे आणि मागणी चिमूटभर आहे, तरी दर वेळी थांबावे का लागते?

कारण ती चिमूटभर ऊर्जा सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात द्यावी लागते. ५४ ज्यूल एका मिलिसेकंदात द्यायचे, म्हणजे तेवढ्यापुरती ५४ किलोवॅट शक्ती हवी. घरातला मोठा गिझर २ किलोवॅटचा असतो. अशा सत्तावीस गिझरांना एकदम लागणारी शक्ती चार पेन्सिल सेल देऊ शकत नाहीत. त्यांच्याकडून जास्तीत जास्त दहा-पंधरा वॅट निघतात. म्हणून सेल आणि दिवा यांच्यामध्ये एक तिसरी वस्तू बसवलेली असते. अंगठ्याएवढा, काळ्या किंवा निळ्या वेष्टनातला तो दंडगोल म्हणजे कपॅसिटर. त्याच्यावर ३३० व्होल्ट आणि १००० मायक्रोफॅरड असे काहीसे आकडे छापलेले असतात. सेल त्याला सावकाश भरतात आणि तो क्षणात रिकामा होतो.

इथेच एक समज पक्का होतो की कपॅसिटर म्हणजे छोटी, झटपट चालणारी बॅटरी. हा समज सोयीचा असला तरी चुकीचा आहे. दोघांच्या पोटात साठते ते मुळातच वेगळे असते आणि त्यांच्या वागण्यातले सगळे फरक तिथूनच निघतात.

आधी कपॅसिटरचे पोट उघडून पाहू. त्याची मूळ रचना अगदी साधी आहे. धातूचे दोन पत्रे समोरासमोर आणि मध्ये वीज न वाहू देणारा थर, एवढेच. एका पत्र्याला सेलचे धन टोक जोडले आणि दुसऱ्याला ऋण, की पहिल्या पत्र्यातून इलेक्ट्रॉन ओढले जातात आणि तितकेच इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर ढकलले जातात. मधला थर ओलांडून कोणीच जात नाही. आपल्या फ्लॅशगनचा कपॅसिटर पूर्ण भरतो तेव्हा एका पत्र्यावरून सुमारे ०.३३ कूलोम विद्युतभार निघून दुसऱ्यावर गेलेला असतो. इलेक्ट्रॉनांत मोजायचे तर दोनावर अठरा शून्ये. पण एका बाजूला जितकी भर, तितकीच दुसऱ्या बाजूला तूट. त्यामुळे संपूर्ण कपॅसिटरचा हिशेब मांडला, तर भरलेल्या डब्यात रिकाम्या डब्यापेक्षा एकही इलेक्ट्रॉन जास्त नसतो.

मग साठले काय? साठली ती फारकत. परस्परांना ओढणारे धन आणि ऋण भार जबरदस्तीने वेगळे धरून ठेवले आहेत, आणि त्यांच्यामधल्या पातळ थरात तीव्र विद्युतक्षेत्र उभे राहिले आहे. ऊर्जा त्या क्षेत्रात असते. पत्रे ही केवळ तिची दोन टोके.

ही गोष्ट माणसाला सहज उमगलेली नाही. १७४५ मध्ये एवाल्ड फॉन क्लाइस्ट आणि पुढच्याच वर्षी हॉलंडमधल्या लायडन शहरात पीटर फान मुशेनब्रुक यांना पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीत वीज साठवता येते असे आढळले. बरणी हातात धरून, आत सोडलेल्या तारेला दुसरा हात लावला की शरीर हादरवणारा झटका बसे. फ्रान्समध्ये आबे नोले यांनी राजापुढे १८० शिपायांना हातात हात धरून उभे केले आणि एका बरणीने सगळ्यांना एकदम उडी मारायला लावली. वीज हा एक द्रव असावा आणि तो पाण्यात भरला जात असावा, असा बहुतेकांचा तर्क होता. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी बारकाईने प्रयोग केले आणि दाखवून दिले की बरणीच्या आतल्या बाजूला जेवढी वीज येते, तेवढीच बाहेरच्या बाजूने निघून जाते आणि खरा कारभार मधल्या काचेत चालतो. पाणी आणि बरणी धरणारा हात हे दोन पत्रे होते, काच हा मधला थर होता. जगातला पहिला कपॅसिटर नकळत असा तयार झाला होता.

त्यानंतर जवळपास ५४ वर्षे विजेचा अभ्यास करणाऱ्यांकडे साठवणीसाठी फक्त ही बरणी होती. झटके, ठिणग्या, छोटे स्फोट हे सगळे तिने करता येई. एकसारखा वाहता प्रवाह मात्र कोणालाच मिळत नव्हता. १८०० मध्ये इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी जस्त आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे, अशी चळत रचली. तिचा झटका बरणीपुढे किरकोळ होता, पण ती थांबतच नव्हती. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी त्या सलग प्रवाहाने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले. बरणीने हे काम इतक्या सहज कधीच झाले नसते. कपॅसिटर आणि बॅटरी यांच्यातला फरक इतिहासानेच असा समोरासमोर मांडून ठेवला आहे.

आता सेलच्या पोटात पाहू. अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये जस्ताची भुकटी असते, मँगनीज डायऑक्साइड असतो आणि दोन्हींना भिजवणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण असते. तारेतून इलेक्ट्रॉन निघतात ते जस्ताचे ऑक्सिडीकरण होताना, आणि परत येतात ते दुसऱ्या टोकाच्या मँगनीज डायऑक्साइडकडे. सेलमध्येही जादा इलेक्ट्रॉन भरून ठेवलेले नसतात. तिथे साठवलेला असतो कच्चा माल. रासायनिक क्रिया घडेल तसतशी वीज निर्माण होते आणि माल संपला की सेल संपतो.

म्हणूनच सेलचे व्होल्टेज त्याच्या रसायनांनी ठरते. नखाएवढा सेल असो की टॉर्चमधला जाडजूड, जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड यांची जोडी असेल तर दोन्हींवर १.५ व्होल्टच लिहिलेले असते. मोठ्या सेलमध्ये माल जास्त असल्याने तो जास्त दिवस चालतो, इतकेच. वापर सुरू असताना हे व्होल्टेज हळूहळू उतरते, पण बराच काळ तग धरते.

कपॅसिटरला स्वतःचे असे व्होल्टेज नसते. जितका भरला तितके. रिकामा असेल तर शून्य, आणि त्यातून अर्धा विद्युतभार काढला की व्होल्टेजही बरोबर अर्धे. डब्यावर छापलेले ३३० व्होल्ट ही त्याची ‘ताकद’ नव्हे. ती सहनशक्तीची मर्यादा आहे. त्यापलीकडे मधला थर फुटण्याचा धोका असतो.

धनुष्याच्या उदाहरणाने हे चटकन समजते. धनुर्धाऱ्याच्या दंडात दिवसभर शिकार करण्याइतकी ऊर्जा असते, पण हाताने भिरकावलेला बाण दूर जात नाही. स्नायू तेवढे वेगाने काम करू शकत नाही. तोच हात धनुष्याची दोरी सावकाश मागे ओढतो. धनुष्य ताणले जाते, पण त्याच्या लाकडात कुठला पदार्थ शिरलेला नसतो. साठतो तो केवळ ताण, आणि दोरी सोडली की तो सारा एका क्षणात बाणाला मिळतो. शिवाय दोरी सुरुवातीला सहज मागे येते, पण शेवटचे दोन बोटे ओढताना घाम फुटतो.

हा शेवटचा मुद्दा फ्लॅशगनमध्ये आकड्यांत दिसतो. कपॅसिटर रिकामा असताना पहिले इलेक्ट्रॉन हलवायला जवळजवळ काहीच श्रम पडत नाहीत. शेवटचे हलवताना मात्र समोर ३३० व्होल्टचा विरोध असतो. सरासरी विरोध त्याच्या निम्मा, म्हणजे १६५ व्होल्ट. हलवलेला विद्युतभार ०.३३ कूलोम. दोन्हींचा गुणाकार केला की सुमारे ५४ ज्यूल येतात. पुस्तकात E = ½CV² असे जे सूत्र असते, त्यातला ‘अर्धा’ नेमका इथून येतो. व्होल्टेजचा वर्ग असल्याने आणखी एक गोष्ट घडते. व्होल्टेज अर्ध्यावर आले की ऊर्जा अर्धी उरत नाही, पावच उरते.

आता लग्नाच्या हॉलमधले ते सात सेकंद पाहा. चार सेल मिळून ६ व्होल्ट देतात. एक छोटे सर्किट हा एका दिशेचा प्रवाह भराभर चालू-बंद करते. त्यामुळे सुपारीएवढा ट्रान्सफॉर्मर ते व्होल्टेज शेकडो व्होल्टपर्यंत वाढवू शकतो, आणि डायोडमधून ते कपॅसिटरला पोचते. ऐकू येणारी शिटी या चालू-बंद होण्याची असते आणि कपॅसिटर भरत जातो तसा तिचा सूर चढतो. ठरलेले व्होल्टेज गाठले की तयारीचा दिवा लागतो.

कपॅसिटर थेट काचेच्या नळीला जोडलेला असतो. नळीत झेनॉन वायू भरलेला असतो आणि ३३० व्होल्टला तो वीज वाहू देत नाही. बटण दाबले की नळीभोवतीच्या बारीक तारेला काही हजार व्होल्टचा एक निसटता ठोका मिळतो, वायूचे आयनीभवन होते आणि नळी वाहक बनते. मग कपॅसिटरचा सारा ताण तिच्यातून सुटतो. आत कुठलीही रासायनिक क्रिया व्हायची नसते, धातूतून इलेक्ट्रॉन परत आपल्या जागी धावायचे असतात, म्हणून हे सारे मिलिसेकंदात उरकते. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकापासून हीच युक्ती घासूनपुसून इतकी जलद केली की १९६४ मध्ये सफरचंदातून आरपार जाणारी बंदुकीची गोळी त्यांना छायाचित्रात स्थिर पकडता आली.

सेलला हे का जमत नाही? त्याच्या आत विद्युतभार वाहून नेणारे आयन असतात आणि त्यांना ओल्या लगद्यातून वाट काढत जावे लागते. त्यातून जो अडथळा होतो त्याला अंतर्गत रोध म्हणतात. ताज्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये तो साधारण ०.१५ ते ०.२ ओहम असतो. आकडा किरकोळ वाटतो, पण सेलमधून जास्तीत जास्त किती शक्ती खेचता येईल हे तोच ठरवतो. फोटोग्राफरांच्या एका जुन्या अनुभवाचे उत्तर यातच आहे. रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचेच असतात, अल्कलाइनपेक्षा कमी. तरी त्यांच्यावर फ्लॅश लवकर तयार होतो. त्यांचा अंतर्गत रोध कमी असल्याने ते प्रवाह मोकळ्या हाताने देतात.

अल्कलाइन सेल वापरत गेले की हा रोध वाढत जातो. सात सेकंदांची प्रतीक्षा पंधरा सेकंदांवर, मग अर्ध्या मिनिटावर जाते आणि फोटोग्राफर सेल बदलतो. काढलेले सेल मात्र टाकून द्यायचे नसतात. ते भिंतीवरच्या घड्याळात घातले, तर पुढे कित्येक महिने घड्याळ चालते. त्या सेलमध्ये माल शिल्लक असतो, फक्त तो घाईने देण्याची ताकद गेलेली असते.

अंगठ्याएवढ्या डब्यात १००० मायक्रोफॅरड मावतात कसे, हा प्रश्नही रंजक आहे. दोन पत्र्यांच्या मध्ये एक मिलिमीटर हवा ठेवून तेवढाच कपॅसिटर करायचा म्हटला, तर प्रत्येक पत्रा सुमारे अठ्ठावीस एकरांचा लागेल. डब्यात हे साधते ते मधला थर अतिशय पातळ करून. अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलवर रासायनिक प्रक्रियेने ऑक्साइडचा थर चढवलेला असतो. ३३० व्होल्ट पेलणाऱ्या डब्यात त्याची जाडी जेमतेम अर्धा मायक्रॉन असते, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. शिवाय फॉइलचा पृष्ठभाग आम्लाने कोरून खडबडीत केलेला असतो, त्यामुळे तळहातात मावणाऱ्या गुंडाळीत कित्येक चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. दुसऱ्या पत्र्याचे काम द्रावणात भिजलेला कागद करतो. त्या ऑक्साइडवर पडणारा ताण हवेवर टाकला असता, तर हवेतून ठिणगी पडायला लागणाऱ्या ताणाच्या दोनशेपट तो भरला असता.

या पातळपणाची किंमत मोजावी लागते. असा कपॅसिटर उलटा जोडला तर ऑक्साइडचा थर खराब होतो, आत वायू तयार होतो आणि डबा फुगतो. डब्याच्या डोक्यावर इंग्रजी के किंवा अधिक चिन्हासारख्या ज्या खाचा दिसतात, त्या अशा वेळी आतला दाब मोकळा व्हावा म्हणून मुद्दाम पाडलेल्या असतात. टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स दुरुस्त करणारा माणूस बोर्ड उघडला की आधी डब्यांची डोकी पाहतो. सपाट असेल तर बहुधा ठीक, वर फुगलेले असेल तर तो डबा बदलायचा. दुसरी तक्रार आळसातून येते. फ्लॅशगन वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिली की ऑक्साइडचा थर ठिकठिकाणी कमकुवत होतो, भरलेली वीज आतल्या आत झिरपते आणि तयारीचा दिवा लागायला नेहमीपेक्षा फार वेळ लागतो. फ्लॅश बनवणारे म्हणूनच सांगतात की वापर नसला तरी अधूनमधून तो चालू करावा आणि काही वेळा उडवावा. व्होल्टेज मिळाले की आतले द्रावण तो थर पुन्हा भरून काढते.

घराघरात असलेला दुसरा कपॅसिटर छताच्या पंख्यात असतो. वायरमन त्याला कंडेन्सर म्हणतो. त्यावर बहुधा २.५ मायक्रोफॅरड लिहिलेले असते. पंख्याच्या मोटरमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. एकाच वीजप्रवाहावर दोन्ही चालवली तर चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी कमी-जास्त होईल, फिरणार नाही. एका वेटोळ्याच्या वाटेत कपॅसिटर ठेवला की त्यातला प्रवाह दुसऱ्याच्या पुढे धावतो आणि क्षेत्र फिरू लागते. इथे ऊर्जा साठवून ठेवणे हा हेतूच नाही. घरच्या विजेची दिशा सेकंदाला शंभर वेळा उलटते, त्यामुळे हा कपॅसिटर सेकंदाला शंभर वेळा भरतो आणि शंभर वेळा रिकामा होतो. पंखा दिवसाला दहा तास चालला, तर दिवसाला ३६ लाख वेळा. मोबाइलची लिथियम बॅटरी काहीशे ते हजारभर वेळा पूर्ण भरून रिकामी केली की तिची क्षमता लक्षात येण्याइतकी घटते. तिच्यात दर वेळी आयन एका पदार्थातून निघून दुसऱ्यात घुसतात आणि त्या पदार्थांची झीज होते. कपॅसिटरमध्ये पदार्थाला कुठे जायचेच नसते, म्हणून त्याला हे झेपते.

अर्थात तोही अमर नाही. पंख्याच्या कपॅसिटरमध्ये प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर धातूचा मुलामा असतो. विजेच्या उसळीने प्लास्टिकला एखाद्या ठिकाणी भोक पडले, की तिथला मुलामा जळून उडून जातो आणि बिघाड आपोआप वेगळा पडतो. कपॅसिटर वाचतो, पण दर वेळी थोडा पत्रा कमी होतो. काही वर्षांत २.५ चे २ होतात, मग त्याहून कमी. पंखा मंद पडतो. एके दिवशी तो नुसता गुणगुणतो आणि पाते हाताने ढकलले की ढकलू त्या दिशेने फिरू लागतो. ही खूण दिसली की दोष बहुधा कंडेन्सरचाच असतो. बदलताना जुन्यावर छापलेलीच किंमत घ्यावी. पंखा जोरात फिरावा म्हणून मोठा कंडेन्सर बसवला, तर वेटोळ्यातून जास्त प्रवाह जातो आणि ते तापते.

इतके गुण असताना बॅटरी हद्दपार करून सगळीकडे कपॅसिटर का वापरत नाहीत, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सुपरकपॅसिटरच्या हिशेबात मिळते. मायक्रोफॅरड म्हणजे फॅरडचा दशलक्षावा भाग. सुपरकपॅसिटर मात्र पूर्ण ३००० फॅरडचा मिळतो. सच्छिद्र कार्बनमुळे त्यात प्रचंड पृष्ठभाग मिळतो. मर्यादा अशी की तो सुमारे २.७ व्होल्टच सोसतो. सूत्रात आकडे घातले तर ऊर्जा येते सुमारे ११,००० ज्यूल. म्हणजे अर्ध्या किलोच्या या डब्यात जेवढी ऊर्जा मावते, साधारण तेवढीच २३ ग्रॅमच्या एका पेन्सिल सेलमध्ये मावते. ताण साठवण्यापेक्षा रसायन साठवणे वजनाच्या हिशेबात कितीतरी किफायतशीर पडते. त्यात व्होल्टेज सतत उतरत जाते, म्हणून मोबाइलसारखे ठरावीक व्होल्टेज मागणारे यंत्र चालवायचे तर मध्ये आणखी एक सर्किट लागते. आणि भरून ठेवलेला सुपरकपॅसिटर काही दिवसांत-आठवड्यांत आपोआप बराच उतरतो, तर अल्कलाइन सेल खोक्यात पाच वर्षे पडून राहिला तरी त्यातला बहुतेक माल शाबूत असतो.

म्हणून जिथे वारंवार, झटकन भरायचे आणि लगेच वापरायचे असते, तिथेच सुपरकपॅसिटर शोभतो. शांघायमध्ये २००६ पासून अशा बस धावू लागल्या. त्या एका दमात काही किलोमीटरच जात, पण थांब्यावर प्रवासी चढ-उतार करत असतानाच वरच्या तारांमधून पुन्हा भरून घेत. रुग्णालयातल्या डीफिब्रिलेटरमध्ये मात्र फ्लॅशगनसारखीच जोडी असते. बॅटरी काही सेकंद घेऊन कपॅसिटर भरते आणि तो दीडशे-दोनशे ज्यूल ऊर्जा काही मिलिसेकंदांत छातीतून हृदयापर्यंत पोचवतो. बॅटरीकडे असे शेकडो झटके देण्याइतकी ऊर्जा असते. कपॅसिटरशिवाय ती त्यांतला एकही देऊ शकत नाही.

जुन्या वस्तू उघडून पाहण्याची हौस असलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सेल काढले म्हणजे फ्लॅशगन निर्धोक झाली असे नाही. सेलमध्ये माल असतो आणि तो सेलबरोबर बाहेर जातो. कपॅसिटरमधला ताण मात्र आत तसाच राहतो. सेल काढल्यावर तासन्‌तास आतले व्होल्टेज घातक पातळीवर असू शकते, आणि ३३० व्होल्टला पन्नास ज्यूल दोन्ही हातांमधून गेले तर जिवावर बेतू शकते. लॅपटॉपचा अ‍ॅडॅप्टर सॉकेटमधून काढल्यावरही त्याचा दिवा काही सेकंद जळत राहतो, तोही आतल्या कपॅसिटरमुळेच. पेचकसाने दोन टोके जोडून ‘उतरवण्याची’ पद्धत सर्रास दिसते, पण त्यात शेकडो अँपिअरचा प्रवाह एकदम वाहतो, टोक वितळते आणि ठिणग्या डोळ्यांत उडू शकतात. त्याऐवजी इन्सुलेशन असलेल्या तारांना एक किलोओहमचा, दहा वॅटचा रोधक जोडून तो कपॅसिटरच्या दोन टोकांना लावावा. १००० मायक्रोफॅरडचा डबा अशा रोधकातून पाच सेकंदांत दोन-तीन व्होल्टवर येतो. तरीही दहा-पंधरा सेकंद तो तसाच धरून ठेवावा आणि मग मीटरने व्होल्टेज मोजावे. थरात मुरलेला थोडा ताण काही वेळाने परत वर येतो, म्हणून पाच मिनिटांनी पुन्हा एकदा मोजावे आणि मगच हात घालावा.